एक चुकीची नोंद आणि ऐंशी कोटी कागद

घरखरेदीचे दस्तऐवज सांभाळणाऱ्या ‘फर्स्ट अमेरिकन’ या अमेरिकी कंपनीच्या वेब अॅप्लिकेशनची तिच्याच सुरक्षा पथकाने तपासणी केली. जानेवारी 2019 च्या अहवालात एक दोष नोंदवला गेला. दस्तऐवजाच्या लिंकमधला क्रमांक बदलला, की लॉगिनशिवाय दुसऱ्याच ग्राहकाचा कागद उघडत होता. त्या कागदांमध्ये बँक खाते क्रमांक आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकही होते.

अशा अहवालात प्रत्येक दोषाला तीव्रतेची श्रेणी मिळते, आणि दुरुस्तीची मुदत त्या श्रेणीवरून ठरते. इथे ‘मध्यम’ ठरलेला दोष यंत्रणेत चुकून ‘कमी’ म्हणून नोंदला गेला. 45 दिवसांची मुदत 90 दिवसांची झाली. खरे तर ‘मध्यम’ हीच श्रेणी तोकडी होती. श्रेणी देताना दोन गोष्टी तोलायच्या असतात: दोषाचा फायदा घेणे किती सोपे आहे आणि हाती काय लागेल. इथे ब्राउझर पुरेसा होता आणि 80 कोटींहून अधिक प्रतिमा उघड्या होत्या. न्यूयॉर्कच्या नियामकांच्या आरोपानुसार, पडताळणीत मात्र जेमतेम 10 कागद पाहिले गेले.

मे 2019 मध्ये एका पत्रकाराने हे उघड केले. पुढे दंडही झाला.

यावरचा उपाय सर्व्हरवर करावा लागतो. प्रत्येक मागणीच्या वेळी, ती करणाऱ्याला नेमका तोच कागद पाहण्याचा हक्क आहे का, हे तपासले पाहिजे. क्रमांक लांबलचक केल्याने अंदाज बांधणे अवघड होते, पण बाहेर पडलेली लिंक कुणालाही उघडता येतेच. दुरुस्तीनंतर दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करून एकाची लिंक दुसऱ्यात उघडून पाहावी. नकार मिळाला, तरच अहवालातली ती नोंद बंद करावी.