अर्धवट रीलोड

काउंटर-स्ट्राइकमधली एके-४७ घेतली की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात: मॅगझिनमधल्या ३० गोळ्या आणि राखीव ९०. चकमकीत मॅगझिन रिकामं होत आलं की खेळाडू आर दाबतो. पडद्यावरचा हात जुनं मॅगझिन काढतो, नवं बसवतो, खटका ओढतो. याला साधारण अडीच सेकंद लागतात. एवढ्यात दारातून शत्रू आला तर थांबायला वेळ कुठला? खेळाडू पिस्तूल उपसतो. रीलोड अर्धवट राहतो, आणि नवख्या प्रोग्रामरने केलेल्या गेममध्ये इथूनच घोळ सुरू होतो.

पाहणाऱ्याला रीलोड अडीच सेकंदांची सलग हालचाल वाटते. प्रोग्रामच्या दृष्टीने मात्र ती हालचाल म्हणजे निव्वळ देखावा. ॲनिमेशन आणि आवाज एका बाजूला चालू असतात, टायमर दुसऱ्या बाजूला. टायमर संपतो त्या एका क्षणी राखीव आकडा कमी होतो आणि मॅगझिनचा वाढतो. त्या क्षणाआधी बंदूक बदलली तर हिशेबात काहीच घडलेलं नसायला हवं. ‘काहीच घडलेलं नाही’ ही अवस्था टिकवणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही.

युनिटी हे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर नव्याने शिकणारे बहुतेक जण रीलोड असा लिहितात:

```
IEnumerator Reload()
{
    isReloading = true;
    yield return new WaitForSeconds(reloadTime);
    ammo = maxAmmo;
    isReloading = false;
}
```

याला कोरूटीन म्हणतात, म्हणजे मध्येच थांबून नंतर पुढे चालणारं फंक्शन. पहिल्या ओळीत ‘रीलोड चालू आहे’ अशी खूण लागते. मग ठरलेला वेळ वाट पाहायची, गोळ्या भरायच्या आणि खूण काढायची. ही खूण लागलेली असताना बंदूक ना गोळी झाडते, ना नवा रीलोड सुरू करते. जागच्या जागी उभं राहून तपासलं तर सगळं बिनचूक चालतं.

आता रायफलमध्ये ४ गोळ्या उरल्या आहेत असं धरू. खेळाडूने आर दाबला आणि क्षणभरात पिस्तुलाचं बटण दाबलं. सोप्या गेममध्ये बंदूक बदलणं म्हणजे एक वस्तू `SetActive(false)` करून दुसरी चालू करणं. युनिटीचा नियम असा की वस्तू अशी बंद झाली की तिच्यावर चाललेलं कोरूटीन तिथेच संपतं. रायफल पुन्हा हातात आली तरी ते पुढे सुरू होत नाही. त्यामुळे शेवटच्या दोन ओळी कधी चालतच नाहीत आणि खूण तशीच लागून राहते. मॅगझिनमध्ये ४ गोळ्या दिसत असतात, पण ट्रिगर दाबून उपयोग नाही आणि आर दाबूनही नाही. खेळणारी पोरं म्हणतात, ‘गन अटकली’.

निदान अवघड नसतं. खेळ चालू ठेवून इन्स्पेक्टरच्या खिडकीत त्या रायफलची `isReloading` बघायची. हातात काहीच हालत नसताना तिथे टिक दिसली की चोर सापडला. उपायही दोन ओळींचा: वस्तू बंद होताना युनिटी `OnDisable` हे फंक्शन आपणहून बोलावतं, तिथे खूण काढून टाकायची.

गंमत अशी की हा दोष दुरुस्त झाला की त्याच्यामागे दडलेला दुसरा बाहेर येतो. वरच्या कोडमध्ये राखीव गोळ्यांचा हिशेबच नाही. तो जोडताना काही जण वजाबाकी सुरुवातीलाच उरकतात: २६ गोळ्या लागणार, म्हणून ९० चे लगेच ६४ केले, भरणा नंतर. मध्येच बंदूक बदलली की भरणा होत नाही आणि वजाबाकी मात्र झालेली असते. मॅगझिनमध्ये ४ च, राखीव ६४. आणखी एकदा तसंच झालं की ३८, मग १२. एकही गोळी न झाडता ७८ गोळ्या गायब! बंदूक अटकलेली होती तोवर दुसरा रीलोड सुरूच होत नसे, त्यामुळे ही गळती एका वेळेपुरतीच राहायची आणि कोणाच्या लक्षात यायची नाही.

यावर काही जण कोरूटीन बंदुकीवरून उचलून खेळाडूवर ठेवतात, म्हणजे बंदूक बदलली तरी ते मरत नाही. पण शेवटची ओळ ‘हातातल्या बंदुकीत गोळ्या भर’ अशी लिहिली असेल, तर तोवर हातात पिस्तूल आलेलं असतं. १२ गोळ्यांच्या पिस्तुलात रायफलच्या २६ जाऊन बसतात आणि आकडा ३८ होतो.

या सगळ्याची जुनी आणि नेटकी सोडवणूक १९९८ च्या हाफ-लाइफमध्ये पाहायला मिळते. व्हॉल्व्ह कंपनीने त्या गेमच्या नियमांचं कोड नवे गेम बनवणाऱ्यांसाठी खुलं केलं. त्यात वजाबाकी आणि भरणा लागोपाठच्या ओळींत, वेळ संपल्यावरच होतात. किती गोळ्या हलवायच्या हेही तेव्हाच ठरतं, त्यामुळे रीलोड चालू असताना खेळाडूने वाटेत पडलेल्या गोळ्या उचलल्या तर त्याही मोजल्या जातात. आणि बंदूक आत ठेवण्याच्या फंक्शनमध्ये एक छोटी ओळ आहे: `m_fInReload = FALSE;`. चालू असलेला रीलोड रद्द.

ही ओळ नसती तर काय झालं असतं, हे कोड वाचून कळतं. ‘रीलोड चालू’ ही खूण बंदुकीपाशी असते, पण थांबण्याचं घड्याळ खेळाडूपाशी, सगळ्या बंदुकांत मिळून एकच. एमपी-५ चा रीलोड त्या घड्याळावर दीड सेकंद लावतो, तर कोणतीही बंदूक बाहेर काढणं अर्धा सेकंद. खूण काढली नाही तर आर दाबून पिस्तूल घ्यायचं, लगेच एमपी-५ परत घ्यायची, आणि अर्ध्या सेकंदात मॅगझिन भरलेलं. ही चलाखी खेळाडूंनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढली असती.

त्याच गेममधली शॉटगन या भानगडीत फारशी सापडत नाही. तिच्यात एकेक काडतूस जातं आणि दर काडतुसाला दोन्ही आकडे एकाने हलतात. मध्ये थांबलं तरी आत गेलेलं आतच राहतं.

कॉल ऑफ ड्यूटी खेळणारे मात्र मुद्दाम रीलोड तोडतात. तिथे गोळ्यांचा आकडा ॲनिमेशन संपण्याआधीच वाढतो, म्हणून आकडा बदलला की बंदूक दोनदा बदलून उरलेली हालचाल टाळायची. याला दोष म्हणणं बरोबर नाही. गोळ्या एकदाच आणि खऱ्या हललेल्या असतात, तुटतो तो फक्त देखावा.

ऑनलाइन खेळात आणखी एक पेच असतो. अनेक गेममध्ये खेळाडूचा फोन किंवा संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता आकडा बदलून मोकळा होतो. बंदूक बदलल्याचा निरोप ऐन शेवटच्या क्षणी गेला, तर इकडे ३० दिसतात आणि सर्व्हरच्या वहीत ४ असतात. सर्व्हरचं उत्तर आलं की ३० चे पुन्हा ४ होतात. खेळाडू ओरडतो, पण इथे सर्व्हरचंच खरं मानावं लागतं.

तपासताना बंदूक तीन वेळी बदलून पाहावी: आर दाबताक्षणी, मध्यावर, आणि टायमर संपण्याच्या एक फ्रेम आधी. सेकंदाला ६० फ्रेम चालत असतील तर ती शेवटची फट जेमतेम १७ मिलिसेकंदांची. माणसाच्या बोटाला ती साधत नाही, म्हणून हे काम छोट्या स्क्रिप्टकडे सोपवतात. प्रत्येक वेळी स्क्रिप्ट मॅगझिन आणि राखीव यांची बेरीज करते. ४ आणि ९० ने सुरुवात झाली असेल, तर गोळी झाडेपर्यंत ती ९४ च यायला हवी. मग रायफल परत घेऊन एक गोळी झाडायची आणि बेरीज ९३ झाली का ते बघायचं, कारण अटकलेल्या बंदुकीचीही बेरीज ९४ च दिसते.