मिक्सरचे भांडे बुडातून का गळते?

रत्नागिरी परिसरात पाहुण्यांसाठी सोलकढी करावयाची म्हणजे नारळाचा रस काढणे आले. पूर्वी हे काम पाटा-वरवंट्यावर होत असे. आता ते मिक्सरकडे आले आहे. खवलेले खोबरे भांड्यात घालावयाचे, रस चांगला सुटावा म्हणून वरून कढत पाणी ओतावयाचे, झाकण दाबून धरावयाचे आणि मिक्सर सुरू करावयाचा, अशी सर्वसाधारण रीत. अशा वेळी दोन गोष्टी घडू शकतात. भांड्याच्या बुडातून पांढरे पाणी झिरपून मोटारीच्या डोक्यावर साचते, किंवा झाकण उडून कढत रस हातावर व तोंडावर येतो. पहिल्या प्रकाराला भांड्याचा दोष मानतात आणि दुसऱ्याला निष्काळजीपणा. वस्तुतः कढत पाणी घातले असता दोहोंच्या मुळाशी एकच कारण असू शकते. बंद भांड्यातील दाब बाहेर पडण्यासाठी सर्वांत कमकुवत सांधा शोधतो. तो सांधा कधी वर असतो, कधी खाली.

प्रथम गळती कोठून होते हे ठरवावे लागते. झाकणाच्या रबरातून सुटलेले पाणी भांड्याच्या बाहेरून ओघळत बुडाशी येते आणि भांडे खालून गळते असा भास होतो. यासाठी भांडे बाहेरून कोरडे पुसावे, अर्धे थंड पाण्याने भरावे आणि मिक्सरवर न ठेवता कोरड्या वर्तमानपत्रावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. कागद भिजला तर बुडाचे रबर किंवा सांधा सदोष आहे. कागद कोरडा राहिला तर भांडे उचलून खालचा दातेरी कपलर हाताने वीस-पंचवीस वेळा फिरवावा आणि पुन्हा पाहावे. आता थेंब आले तर पात्याच्या दांड्याभोवतीची जागा झिजली आहे. दोन्ही वेळा कागद कोरडाच राहिला, तर दोष बहुधा झाकणाचा किंवा भांडे वाजवीपेक्षा जास्त भरल्याचा असतो.

भांड्यांचे मुख्य प्रकार दोन. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या काही भांड्यांना बूड नसते. पात्याचा संच खालून बसवून आट्याच्या कड्याने आवळावयाचा असतो. येथे रबरी रिंगची जागा चुकली की गळती ठरलेलीच. रिंग पात्याच्या संचाच्या रुंद कडेवर, म्हणजे पात्याच्या बाजूने, वरून बसवावयाची असते. भांड्याची खालची कड आणि पात्याच्या संचाची कड या दोहोंमध्ये ती दाबली गेली पाहिजे. घाईत ती संचाच्या खाली, कड्याच्या तळाशी ठेवली जाते. मग कडे घट्ट बसल्यासारखे वाटते, परंतु पाणी अडविणारे काहीच मध्ये नसते. रिंगच्या एका बाजूला खाच असल्यास ती खाच संचाच्या कडेवर बसते. रिंग सपाट बसली की नाही हे बोट फिरवून पाहावे. नंतर भांडे उलटे धरून संच त्यात ठेवावा आणि कडे सरळ फिरवावे. आटा तिरका लागला तर ते अर्ध्यावरच अडते. तेथे जोर न लावता सोडून पुन्हा लावावे. फाजील आवळल्यानेही रिंग एका बाजूला सरकते. कोकणातील स्वयंपाकघरात आणखी एक अडचण असते. खोबऱ्याचा एखादा तंतू रिंगखाली अडकला तरी तेवढ्या फटीतून रस झिरपत राहतो. म्हणून प्रत्येक वेळी रिंग काढून धुवावी. खोबऱ्याच्या तेलाने साधे रबर फुगते व सैल पडते. अशी रिंग उलटसुलट करून वापरण्यापेक्षा त्याच मापाची नवी घेणे बरे.

दुसरा प्रकार आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या स्टीलच्या भांड्यांचा. यांत पाते कायमचे बसविलेले असते. पात्याचा दांडा बुडातील बुशमधून खाली जातो व त्याला कपलर लावलेला असतो. बुश झिजला की पाते हाताने हलविल्यास डुगडुगते, आवाज वाढतो आणि गळणाऱ्या पाण्यात काळसर तेलकटपणा दिसतो. हा काळेपणा बुश व दांडा यांच्या घर्षणातून आलेला असतो आणि तो वाटणातही उतरतो. म्हणून असे भांडे "थोडेसेच गळते" म्हणून चालवून घेऊ नये. बुडाला बाहेरून चिकटवण लावणे हा उपाय नव्हे. फिरणाऱ्या दांड्याभोवतीची फट त्याने बुजत नाही. बुश आणि दांड्याचे रबर कारागिराकडून बदलून घ्यावे.

गळलेले पाणी मोटारीत जाते, आणि धोका तेथून सुरू होतो. पाणी दिसताच भांड्याला किंवा यंत्राला हात न लावता आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, कोरड्या हाताने प्लग काढावा आणि मगच भांडे उचलावे. मोटार पूर्ण वाळल्याशिवाय व तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. अंगणवाडीत किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात मिक्सर असल्यास तीन पिनांच्या प्लगची अर्थिंग जोडलेली आहे की केवळ खोबण आहे, हे वायरमनकडून पाहून घेतलेले बरे.

आता कढत पदार्थाचा प्रश्न. भांड्यात गरम द्रव ओतल्यानंतर वरची हवा त्या मानाने थंड असते. पाते फिरू लागताच द्रवाचे असंख्य थेंब त्या हवेत मिसळतात. हवा क्षणात तापून प्रसरण पावते आणि थेंबांच्या पृष्ठभागावरून वाफ झपाट्याने सुटते. बंद भांड्यात ८० अंश सेल्सियसच्या पाण्याची वाफ एकटीच वातावरणाच्या जवळजवळ निम्म्या दाबापर्यंत जाऊ शकते. एवढ्याची गरजही नाही. झाकण १० सेंटिमीटर व्यासाचे असेल आणि दाब वातावरणाच्या एक दशांशाने वाढला, तरी झाकणावर सुमारे ८ किलो वजनाइतका जोर आतून येतो. हाताने सहज दाबून धरलेले झाकण तो उचलतो. हात भक्कम असेल तर तोच दाब खालच्या रिंगमधून किंवा झिजलेल्या बुशमधून वाट काढतो. थंड पाण्यात न गळणारे भांडे गरम रसाला गळते, त्याचे हे एक कारण. शिवाय उष्णतेने रबर मऊ पडते आणि बुशमधील वंगण पातळ होते.

नारळाच्या रसासाठी मात्र कढत पाण्याची आवश्यकताच नाही. खोबरेल सुमारे २४ अंशांना वितळते आणि रत्नागिरीच्या हवेत ते बहुतेक दिवस पातळच असते. पाणी हाताला सोसेल इतके कोमट असले की पुरे. एका नारळाचे खोबरे अर्ध्या वाटी कोमट पाण्यात थांबून थांबून वाटावे, फडक्यातून पिळून पहिला रस काढावा आणि चोथ्यावर पुन्हा कोमट पाणी घालून दुसरा. दुसऱ्या रसासाठी थोडे अधिक गरम पाणी हवेच असेल, तर ते पातेल्यातील चोथ्यावर ओतावे, मिक्सरमध्ये नव्हे.

टोमॅटोच्या साराचे किंवा कुळथाच्या कढणाचे तसे नाही. तेथे शिजलेला पदार्थच वाटावयाचा असतो. शिजलेले टोमॅटो किंवा कुळीथ निथळून परातीत पसरले की लवकर निवतात. तेवढेच वाटावे आणि त्यांचे गरम पाणी नंतर पातेल्यात मिसळावे. निवण्यास वेळच नसेल तर पातेल्यातच रवीने घोटणे सुरक्षित. ही जुनी सोय अजून कोणत्याही यंत्राने निरुपयोगी ठरविलेली नाही. ज्या भांड्याच्या झाकणाला मध्ये काढता येणारी टोपी असते, तिच्यात वाफ सोडण्याची सोय असते. परंतु तेथेही भांडे एक तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये, टोपी काढून तोंडावर दुमडलेले फडके धरावे आणि सर्वांत कमी वेगावर सुरुवात करावी. काचेच्या थंड भांड्यात कढत द्रव ओतल्यास काच तडकण्याचे भय वेगळेच.

इतके करूनही भाजलेच तर त्या जागेवर वाहते साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठी काढावी. हळद, तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. नंतर स्वच्छ, न चिकटणारे कापड सैल झाकावे. डोळ्यात रस गेला असेल, चेहरा भाजला असेल, किंवा फोड तळहाताहून मोठे असतील, तर पाण्याने धुतल्यावर वाट न पाहता दवाखाना गाठावा.