डाव्या कॉर्नरचा वाढदिवस

कबड्डीत कॉर्नर आणि कव्हर यांचं नातं हाताला हात धरून चालतं. चढाईपटू आत शिरला की कॉर्नरचा डोळा त्याच्या घोट्यावर असतो. कॉर्नरने घोटा धरला, की शेजारच्या कव्हरने त्याच क्षणी अंगावर झेपावायचं असतं. त्याला जरा उशीर झाला, तर चढाईपटू फरफटत का होईना, मध्यरेषेला हात लावतो आणि ज्याने पकड केली तोच बाद होऊन बाहेर जातो. वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या दोघांना हा क्षण एकमेकांना सांगावा लागत नाही. धरलेल्या हाताला बसलेल्या हिसक्यावरूनच तो कळतो.

मग त्यातल्या एकाला खेळाडू कोट्यातून रेल्वेत किंवा एखाद्या बँकेत नोकरी लागते आणि तो सांगलीहून हैदराबादला जातो. भांडण नाही, रुसवा नाही, तरी वर्षभरात बोलणं ‘काय, कसं चाललंय’ इथवर येऊन थांबतं.

हे असं का होतं, याचा एक धागा सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकांच्या कामात सापडतो. शाळा संपवून पुढे विद्यापीठात किंवा नोकरीत गेलेल्या मुलामुलींच्या मैत्रीचा माग त्यांनी १८ महिने घेतला. गट लहान होता, जेमतेम ३० जणांचा, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मुलींच्या मैत्रीला संपर्काने आणि गप्पांनी आधार मिळाला, तर मुलांची मैत्री टिकली ती मुख्यतः एकत्र काहीतरी करण्याने. संघसोबत्यांची अडचण नेमकी इथेच होते. त्यांची मैत्री जमलेली असते मैदानावर, आणि मैदान तर मागे राहिलेलं.

अशा वेळी वाढदिवस कामी येतो, कारण त्या दिवशी निरोप धाडायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. फक्त तो निरोप मैदानावरचा हवा. फुलांचं चित्र आणि ‘आई तुळजाभवानी उदंड आयुष्य देवो’ यात वाईट काहीच नाही, पण ते घरमालकालाही पाठवता येतं. संघाच्या गटात एकाने सुरुवात केली की मागोमाग पडणाऱ्या वीस शुभेच्छांचंही तेच. ज्याचा वाढदिवस असतो तो सगळ्यांना मिळून एकदा हात जोडतो आणि विषय मिटतो.

समजा, सांगलीतल्या कव्हरने हैदराबादच्या कॉर्नरला वेगळा निरोप असा पाठवला: ‘बाळ्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा रे. काल तुझ्या जागी नवीन पोरगं उभं केलं. घोटा झकास धरतो, पण मी येतोय की नाही हे बघतच नाही. तीनदा रेडर निसटला. तिकडे कुठला संघ मिळाला का? रविवारी ड्युटी नसली तर सांग, फोन करतो.’

एवढ्यात बरंच साधतं. जुन्या आठवणी उगाळण्याऐवजी कालच्या सरावाची बातमी आली, म्हणजे बाळ्या अजून संघाच्या बोलण्यात आहे. कौतुक थेट केलेलं नाही, पण त्याची उणीव भासते हे नेमक्या चुकीतून कळलं. आणि उत्तर द्यायला एक सोपा प्रश्न आहे. नुसत्या शुभेच्छेला ‘धन्यवाद’ म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

काही गोष्टी त्या दिवशी टाळलेल्या बऱ्या. ‘आम्हाला विसरलास’ हा टोमणा गमतीत मारला तरी बोचतो. भाच्याच्या नोकरीचं विचारायचं असेल, तर ते आठवड्याने विचारावं, नाहीतर शुभेच्छा त्यासाठीच होत्या असं वाटतं. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला असेल, तर संघाचा प्रश्न विचारूच नये.

खूप दिवस बोलणं नसलं की मात्र हात अडखळतो: आता एकदम काय लिहायचं, त्याला विचित्र वाटेल. ही भीती बहुधा फुकटची असते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुमारे ५,९०० जण सहभागी होते. आपण आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज पाठवणारे सतत कमी बांधत होते. निरोप जितका अनपेक्षित, तितका घेणाऱ्याला तो अधिक भावत होता. त्या हिशेबाने दोन दिवस उशिरा पोचलेली शुभेच्छाही वाया जात नाही.

एक अडचण खास आपल्याकडची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेले लोक महाराष्ट्रात गावोगाव आहेत. खेळाडूच्या ओळखपत्रावर तीच तारीख येते आणि समाजमाध्यमंही त्याच दिवशी आठवण करून देतात. संघाच्या यादीत १ जून कोणाकोणासमोर आहे ते एकदा पाहावं, आणि त्यांची खरी तारीख त्यांनाच विचारून घ्यावी.