कामावर परतताना: सगळे बदल एकाच सोमवारी नकोत

आजचा विषय इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आणि बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतणाऱ्या आयांसाठी आहे. बाबांनी आणि आजीनेही ऐकावा असा आहे.

‘बाळाला परक्यांकडे टाकून जातेय’ हा सल बहुतेक जणींना असतोच. पण एकाच आठवड्यात आजी परत गेली, बाळ नर्सरीत जाऊ लागलं आणि आईचं ऑफिसही सुरू झालं, की तो फार जड होतो. बाळ रडतं, आईला वाटतं माझ्या नोकरीमुळेच रडतंय. खरं तर बाळाच्या ओळखीचं सगळंच एकदम बदललेलं असतं. म्हणून हे बदल वेगवेगळ्या वेळी येतील अशी आखणी करायची. त्यासाठी हाताशी असते साठलेली सुट्टी.

बाळंतपणाच्या रजेतही तुमची वार्षिक सुट्टी साठत राहते. पूर्णवेळ नोकरीत कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस मिळतात, बँक हॉलिडे धरून. ही सुट्टी सलग घेऊन टाकण्याऐवजी आठवड्याला दोन दिवस अशी वापरली, तर २० दिवसांत दहा आठवडे निघतात. तेवढे दिवस काम तीनच दिवस आणि पगार पूर्ण.

एक उदाहरण घेऊ. समजा, ५२ आठवड्यांची रजा ऑगस्टअखेर संपते आणि बाळ अकरा महिन्यांचं आहे. जूनमध्येच मॅनेजरला ईमेल करायची: सप्टेंबरपासून दहा आठवडे सोमवार आणि शुक्रवार साठलेली सुट्टी हवी आहे. तारखांना कंपनीची मंजुरी लागते आणि सुट्टीचं वर्ष मध्येच संपत असेल तर शिल्लक पुढे कशी धरणार, हेही लेखी विचारून ठेवायचं. ठरल्यापेक्षा लवकर परतायचं असेल, तर आठ आठवडे आधी कळवावं लागतं.

आजी ऑगस्टच्या सुरुवातीला येते. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं आणि ती नातवंडाला भेटायला आलेली असते, पगारी सांभाळणारी म्हणून नाही. त्यामुळे कायमची सोय तिच्यावर बेतायची नाही.

ऑगस्टच्या मध्यावर नर्सरी सुरू करायची. पहिल्या दिवशी आई तासभर सोबत बसते. मग बाळ एकटं तासभर, पुढे जेवणापर्यंत, शेवटी दुपारची झोपही तिथेच. ऑगस्टची फी पगार सुरू होण्याआधी भरावी लागेल, ती आधीच बाजूला काढा. याच काळात दोन ‘कीप इन टच’ दिवस ऑफिसला जाऊन या. रजेत असे दहा दिवस काम करता येतं, दोघांची संमती असेल तर. दोनच तास गेलात तरी एक दिवस मोजला जातो, म्हणून पैसे किती मिळणार ते आधी ठरवा.

सप्टेंबरपासून काम मंगळवार ते गुरुवार. आजी ऑक्टोबरअखेर परतते, तेव्हाही तीन दिवसांचे एक-दोन आठवडे हातात असतात. ती गेल्याची पोकळी आणि पाच दिवसांचं काम एकदम अंगावर येत नाही.

आता रडण्याबद्दल. आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आई दूर जाताना बाळाने रडणं हा वाढीचाच भाग आहे. गुपचूप निसटू नका. तसं केलं तर पुढच्या वेळी बाळ जास्त चिकटून राहतं. ‘झोपून उठलास की मी येते’ असं सांगून, पापा घेऊन निघा. दाराशी पडलेल्या रडण्यावरून निष्कर्ष काढू नका. इंग्लंडमध्ये नर्सरीत प्रत्येक मुलाला एक ‘की पर्सन’ नेमलेली असते, तिला रोज तीन गोष्टी विचारा: किती मिनिटांत शांत झाला? जेवला का? झोपला का? काही मिनिटांत शांत होऊन जेवत-खेळत असेल, तर तो रुळतो आहे. तीन-चार आठवड्यांनीही दिवसभर रडत असेल, जेवत नसेल, तर तुमची शंका खरी समजा. वेळ कमी करा, नर्सरीशी बोला, गरज पडली तर जागा बदला.

सुरुवातीला सर्दी, ताप, पोट बिघडणं वरचेवर होतं. उलटी किंवा जुलाब थांबल्यावर ४८ तास बाळाला नर्सरीत पाठवता येत नाही. म्हणून वरचे आठ दिवस शिल्लक ठेवले. पण ते सगळे आईचेच खर्च होऊ देऊ नका. पहिल्या आजारपणात आई घरी, दुसऱ्यात बाबा, असं आजच कॅलेंडरवर लिहा. नर्सरीच्या फोनयादीत पहिला नंबर बाबांचा द्या. नर्सरीचा प्रत्येक फोन आईलाच आला, तर अपराधाची भावनाही तिच्याच वाट्याला येते.