वूल्व्हरीन माणूस आहे का?

‘एक्स-मेन’च्या छोट्या प्लास्टिक मूर्ती अमेरिकेत आयात करणाऱ्या टॉय बिझ कंपनीचे सीमाशुल्क विभागाशी भांडण जुंपले. विभागाने त्यांना ‘बाहुल्या’ ठरवून १२ टक्के शुल्क लावले. कंपनीच्या मते ती ‘इतर खेळणी’ होती आणि दर ६.८ टक्के. म्हणजे १०० डॉलरच्या मालामागे ५.२० डॉलरचा फरक.

तेव्हाच्या दरपत्रकानुसार बाहुली म्हणजे फक्त माणसाचीच प्रतिकृती होती. मग ही पात्रे माणसे आहेत का?

विभागाकडची हरकत फेटाळली गेल्यावर प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेले. आयातमूल्याचा वाद असता तर करार आणि बीजके तपासावी लागली असती. इथे खरा पुरावा होता तो खुद्द माल! न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी साठहून अधिक मूर्ती स्वतः न्याहाळल्या. वूल्व्हरीनच्या हातातून निघालेली नखे, कुणाचे पंख, कुणाच्या सोंडेसारख्या भुजा. चेहरा माणसाचा असला तरी ही अंगे माणसाची नव्हेत, हे वस्तूवरच दिसत होते. वर्गीकरणाच्या अपिलात नमुना जपून ठेवणे किती मोलाचे, ते इथे कळते.

जानेवारी २००३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला.