पद्धत बरोबर, उत्तर चूक

क्रमाने लावलेल्या यादीत एखादी संख्या शोधायची असेल, तर संगणक आधी यादीच्या मध्यावर पाहतो. हवी ती संख्या तिथल्यापेक्षा मोठी असेल तर अलीकडची अर्धी यादी सोडून देतो, लहान असेल तर पलीकडची. असे निम्मे-निम्मे करत शंभर कोटी नोंदींतूनही तो फार तर ३० वेळा पाहून उत्तर गाठतो. या पद्धतीला बायनरी सर्च म्हणतात. जॉन बेंटली यांनी १९८६च्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकात तिचा प्रोग्राम बरोबर असल्याचे तर्काने सिद्ध केले होते. तरीही २००६मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की, जावाच्या लायब्ररीतल्या या प्रोग्राममध्ये सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. चूक या ओळीत होती:

```java
int mid = (low + high) / 2;
```

गणित म्हणून यात काहीच वावगे नाही. पण जावातला `int` ३२ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. समजा, `low` १२० कोटी आहे आणि `high` १५० कोटी. दोन्ही संख्या मावतात, मध्यही मावतो. मावत नाही ती मधल्या पायरीवरची २७० कोटींची बेरीज. मर्यादा ओलांडताच ती उणे बाजूला जाऊन −१,५९,४९,६७,२९६ होते आणि मध्य येतो −७९,७४,८३,६४८. यादीत अशी जागाच नसल्याने प्रोग्राम कोसळतो. लहान याद्यांवर चाचणी घेतली तर हे कधीच दिसत नाही. उपाय सोपा आहे, आधी अंतर काढायचे आणि मग त्याचे निम्मे मिळवायचे:

```java
int mid = low + (high - low) / 2;
```

आता १२० कोटींत १५ कोटी मिळवले की १३५ कोटी येतात आणि कोणतीच पायरी मर्यादेबाहेर जात नाही.

अपूर्णांकांत अडचण वेगळी आहे. एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३… संपतच नाही, तसाच ०.१ हा संगणकाच्या द्विमान पद्धतीत संपत नाही, म्हणून तो जवळच्या किमतीला तोडून साठवावा लागतो. त्यामुळे `0.1 + 0.2` चे उत्तर `0.30000000000000004` येते आणि ते ०.३ बरोबर आहे का असे विचारले तर संगणक ‘नाही’ म्हणतो. इथे प्रोग्राम कोसळत नाही, फक्त चुकीच्या वाटेने पुढे जातो. म्हणून अशा दोन संख्या थेट ताडून न पाहता त्यांच्यातला फरक पुरेसा लहान आहे का ते पाहावे. पैशांचा हिशेब तर रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवावा.

प्रोग्राम लिहिणाऱ्याने शेवटचे उत्तर मावते का, एवढेच पाहून थांबू नये. सर्वांत मोठ्या संख्या घेऊन प्रत्येक मधली पायरी एकदा कागदावर करून पाहावी.