शुगर खाली गेली की काय करायचं? चार चमचे साखर आणि पंधरा मिनिटं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा आकडे पुन्हा बघायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.

डायबेटिस म्हटलं की आपण शुगर वाढण्याबद्दलच बोलतो. आज उलटं. शुगर खाली जाते तेव्हा काय होतं? सुरुवात माझ्या मामापासून करतो.

मामा शहापूर तालुक्यातला, वय अठ्ठावन्न, भातशेती. शुगरची गोळी चालू आहे, ग्लिमेपिराइडची. जुलैतली गोष्ट, लावणी चालू होती. मामाने सकाळी साडेसहाला चहाबरोबर गोळी घेतली आणि शेतावर गेला. न्याहारी नऊला यायची होती. त्या दिवशी पाऊस एवढा, की मामी भाकरी घेऊन निघालीच उशिरा. साडेदहा वाजले.

मी मुरबाडहून मदतीला गेलो होतो. बघतो तर मामा सगळ्यांवर खेकसतोय. आवण वाकडंतिकडं लावतोय, बोलताना शब्द अडखळतायत. घाम आला असणार, पण भर पावसात घाम दिसणार कसा? बांधावरचा एक जण हसून म्हणाला, "सकाळी सकाळीच घेतली वाटतं!" मामा तर दारूला शिवत नाही.

हे झालं कशामुळे?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळी बघत नाही. पोटात अन्न नाही, वर चिखलात वाकून चार तास काम. साखर खर्च होत राहिली, आत काहीच आलं नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना हाच धोका आणखी जास्त. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची शुगर सहसा अशी खाली जात नाही. म्हणून घरी आज एक काम करा: आई-बाबांच्या गोळीच्या पाकिटावर नाव काय आहे ते वाचा. बऱ्याचदा एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, सगळी नावं वाचा.

आकडा किती?

दोन आकडे लक्षात ठेवा. ग्लुकोमीटरवर 70 mg/dL च्या खाली गेलं की शुगर कमी झाली, लगेच काहीतरी करायचं. 54 च्या खाली म्हणजे मेंदूला साखर पुरत नाहीये, एक मिनिटही घालवायचं नाही.

लक्षणंसुद्धा साधारण याच क्रमाने येतात. आधी शरीर आरडाओरडा करतं: घाम, हाताला कंप, छातीत धडधड, खूप भूक. मग मेंदू अडखळायला लागतो: चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं विस्कळीत, काय चाललंय ते न कळणं. पुढे झटका किंवा बेशुद्धी. गंमत अशी की दुसऱ्या टप्प्यात माणसाला स्वतःलाच कळत नाही. तो म्हणतो, "मला काही झालं नाही." म्हणून ओळखायचं काम बाजूच्या माणसाचं.

पंधराचा नियम

मामाला घरात आणलं, हात धुऊन पुसले आणि मशीन लावलं. 52. हात धुणं महत्त्वाचं, कारण बोटाला साखर किंवा गूळ लागला असेल तर मशीन खोटा, जास्तीचा आकडा दाखवतं.

मामी पेढा घेऊन धावली. मी म्हटलं, "मामी, पेढा नको, साखर आण." कारण सांगतो. पेढा, बर्फी, चॉकलेट यांत दूध-तूप असतं, आणि स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. बिस्किटाचंही तेच, त्यावर ग्लुकोज लिहिलेलं असलं तरी तो मुख्यतः मैदाच. आपल्याला लगेच पोचणारी साखर हवी, आणि ती 15 ग्रॅम.

15 ग्रॅम म्हणजे घरात काय? चहाच्या चमच्याने सपाट चार चमचे साखर, अर्धा ग्लास पाण्यात ढवळून. किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. किंवा अर्धा ग्लास, म्हणजे 150 मिली, साधं गोड कोल्ड्रिंक. डाएटचं चालणार नाही, त्यात साखरच नसते.

मामाने साखरपाणी घेतलं. आता पंधरा मिनिटं थांबायचं. सगळ्यात कठीण भाग हाच, कारण माणूस घाबरलेला असतो आणि समोर येईल ते खात सुटतो. मग दोन तासांनी शुगर तीनशेच्या घरात. थांबायचं, कारण साखर आतड्यातून रक्तात जायला तेवढा वेळ लागतो.

पंधरा मिनिटांनी 64. अजून 70 च्या खाली, म्हणून पुन्हा चार चमचे. पुन्हा पंधरा मिनिटं. आता 91. मामा हसला, म्हणाला, "अरे, तू कधी आलास?" मला तर सकाळपासून बघत होता!

वर आल्यावर लगेच भाकरी आणि डाळ दिली. साखरपाण्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, पुढे टिकवायचं काम जेवणाचं.

इथेच लोक फसतात

आम्हाला वाटलं, झालं. संध्याकाळी सहाला सहज तपासलं तर 66! कारण ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर चालतो. अशी गोळी घेणाऱ्याची शुगर एकदा खाली गेली, की पुढचे चोवीस तास दर काही तासांनी बघायची. रात्री झोपतानाही. आणि डॉक्टरांना सांगायचंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामाची मात्रा कमी केली, आणि गोळी न्याहारीसोबतच घ्यायची, चहावर नाही, असं सांगितलं.

आणखी एक. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर पोटात फुटायला वेळ लागतो. अशांना ग्लुकोज पावडरच द्यायची.

मशीन नसेल तर? माणूस बेशुद्ध असेल तर?

मशीन नाही, लक्षणं आहेत: साखर द्या. शुगर कमी नसली तरी चार चमच्यांनी थोडी वाढेल, एवढंच. कमी असताना न देणं महागात पडतं.

पण माणूस गिळू शकत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. साखरपाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि "शुगरचा पेशंट आहे, गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे" हे सांगा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात. आपल्या पाड्यांवर गाडी पोचायला वेळ लागतो, म्हणून तो बोलतोय तोवरच साखर द्यायची.

आता लावणीला जाताना मामाच्या विळ्याशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत एक पुडी असते. चार चमचे साखर, मोजून. तुमच्या घरच्यांसाठीही एक बांधून ठेवा, आणि कुठे ठेवलीय ते सोबत काम करणाऱ्यांना सांगा. भेटू पुढच्या भागात.